पावसात, जाजमावर, चारशे माणसं : चपला, छत्र्या आणि सामान टोकनवर ठेवायची व्यवस्था कशी लावावी?

खाडीकाठ

मंडळी, सल्ला हवा आहे. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतायत. श्रावणातल्या एका रविवारी कार्यक्रम ठेवला आहे. दुपारी तीनला सुरुवात, साडेसातपर्यंत भजनं आणि सत्कार, मग प्रसादाचं जेवण. गावच्या सभागृहात जाजमं अंथरून बैठक, वयस्करांसाठी भिंतीकडेला खुर्च्या. म्हणजे चपला बाहेरच काढायला हव्यात. माणसं चारशेच्या आसपास येतील, त्यांत मुंबईहून येणारे बरेच.

आजवर आमच्याकडे पद्धत एकच, पायऱ्यांवर चपला काढायच्या आणि आत जायचं. उन्हाळ्यात ते चालून जातं. पण गेल्या पावसाळ्यातल्या कार्यक्रमाला जे झालं ते पुन्हा नको. पायऱ्यांवर दोन-तीन थर चपला, वर पागोळ्या, खाली तांबडा चिखल. कार्यक्रम सुटल्यावर सगळे एकदम बाहेर, मोबाइलच्या उजेडात वाकून शोधतायत. एक आजी त्या ढिगावरून पाय घसरून बसल्या. नशिबाने हाड वाचलं.

यंदा टोकन लावून, स्वयंसेवक बसवून रीतसर करायचं ठरवलं आहे. कॉलेजची मुलं-मुली आणि मंडळाचे काही जण मिळून बारा-चौदा हात मिळतील. मुख्य दरवाजा समोर आहे. उजव्या अंगाला चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद पडवी आहे, छप्पर चांगलं आहे. डाव्या अंगाला एक छोटं दार, तिकडेच मागे शौचालय. ऑफिसची एक खोली सामानासाठी रिकामी करता येईल.

टोकन किती करू? माणशी एक की घरटी एक? चपला ठेवायच्या कशात? छत्र्या, हेल्मेटं आणि थेट कणकवली स्टेशनवरून येणाऱ्यांच्या बॅगा यांचं काय? ज्यांनी खरंच असं काही सांभाळलं आहे त्यांनी लिहा.

चाकरमानी_डोंबिवली

चारशे माणसं तर चारशे टोकन, साधा हिशोब आहे. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही करतो. माणसं काही एकदम येत नाहीत, तासभर येतच असतात. त्यामुळे टेबलावर दोन मुलं बसवलीत तरी पुरतात. चौदा हात कशाला अडकवता? त्यांना जेवणाकडे लावा.

रातांबा

चपलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. एका देवस्थानाबाहेर माझ्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी गेल्या. दर्शन घेऊन येतो तर जागेवर कुणाच्या तरी झिजलेल्या स्लिपर. तेव्हापासून मी एक चप्पल एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला काढतो. चोर जोडीच नेतो, एक नेत नाही. तुमच्या पाहुण्यांनाही हेच सांगा, टोकनबिकन काही लागत नाही.

खाडीकाठ

रातांबा, आमच्याकडे चोरीची भीती नाही हो. गावातलेच लोक आणि गावातलेच पाहुणे. अडचण आहे ती गर्दीची, अंधाराची आणि ओलीची. चारशे जणांनी दोन-दोन ठिकाणी चपला काढल्या तर आठशे ठिकाणी शोधावं लागेल.

मांडवकरी

माझा मांडव-केटरिंगचा धंदा आहे, रत्नागिरीकडे. लग्नं, कीर्तनं, सप्ताह सगळं बघितलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डोंबिवलीकरांचं येण्याच्या वेळेबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. येताना माणूस तासभर येत राहतो, दोन मुलं आरामात घेतील. पण व्यवस्था मोडते ती जाताना. आरती झाली की चारशे माणसं दहा मिनिटांत पडवीत असतात. तिथे हिशोब करा. चपला ठरलेल्या जागी असल्या तरी टोकन घेणं, जागा बघणं, आणून हातात देणं याला माझ्या अनुभवात वीसेक सेकंद जातात. चारशे टोकन म्हणजे आठ हजार सेकंद. दोन मुलांत वाटले तरी प्रत्येकाला चार हजार, म्हणजे तासावर. एवढा वेळ कोणी उभं राहत नाही. दहाव्या मिनिटाला लोक टेबल ओलांडून आत शिरतात आणि मग तुमची टोकनं गेली पाण्यात.

आता घरटी टोकन धरा. गावाकडच्या कार्यक्रमाला माणसं कुटुंबाने येतात, दुचाकीवरचे एकटे धरूनही टोकनमागे सरासरी अडीच माणसं पडतात. म्हणजे एकशे साठ टोकन. तेच वीस सेकंद धरले तर बत्तीसशे सेकंद, आणि टेबलं चार केली तर प्रत्येकी आठशे. सव्वातेरा मिनिटांत मोकळे. एवढा वेळ माणूस गप्पा मारत उभा राहतो.

म्हणून येताना प्रत्येक टेबलावर एकच जण ठेवा, उरलेल्यांना भजन ऐकू द्या. शेवटच्या अभंगाला सगळ्यांना पडवीत बोलवा आणि प्रत्येक टेबलावर तिघे करा. एक टोकन घेणार, दोघे आणून देणार. मग वीस सेकंदांचे दहा-बारा होतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. टोकनचा नंबर हाच जागेचा नंबर असला पाहिजे. पोरं काय करतात, टोकन देतात १७ नंबरचं आणि चपला ठेवतात जिथे मोकळं दिसेल तिथे, चिठ्ठी लावून. येताना ते झटपट होतं, पण जाताना प्रत्येक चिठ्ठी वाचत फिरावं लागतं. तिथे वीस सेकंदांची दोन मिनिटं होतात.

चाकरमानी_डोंबिवली

जाण्याचा हिशोब पटला. आमच्या सोसायटीत माणसं ऐंशी-नव्वद असतात, म्हणून कधी जाणवलं नाही. पण घरटी टोकनला एक अडचण आहे. बायको मुलांना घेऊन आधी निघते, नवरा थांबतो, आणि टोकन त्याच्या खिशात. मग?

मांडवकरी

ती अडचण आहेच. टोकन देताना एकच प्रश्न विचारायचा, "एकत्रच निघणार ना?" नाही म्हणाले तर दोन टोकन द्यायची. तरी दोन-चार जणांचं होतं तसं, पण त्या दोन-चारांसाठी चारशे टोकनांचा घोळ ओढवून घेण्यात अर्थ नाही.

खाडीकाठ

हिशोब वाचून डोळे उघडले. आता जागेचा प्रश्न. एकशे साठ कप्प्यांचं रॅक आणायचं कुठून? शाळेत दोन लोखंडी रॅक आहेत, ती कुठेच पुरणार नाहीत. लाकडी फळ्या भाड्याने घेऊन विटांवर मांडाव्या का?

जांभा

विटा-फळ्या कशाला? देवगडात बसून हा प्रश्न विचारताय! श्रावणात प्रत्येक बागायतदाराच्या खळ्यात आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट रिकामे पडलेले असतात. मेअखेर हंगाम संपतो, ते पुढल्या मार्चपर्यंत उलटे रचून ठेवलेले. ते आडवे पाडा, तोंड समोर करा आणि एकावर एक रचा. झाले कप्पे. जाळीचे असतात म्हणून ओल्या चपलांचं पाणी साचत नाही, वारा खेळतो. आमच्या वाडीतल्या दोन घरांतून शंभर क्रेट सहज निघतील.

फक्त मासळीचे क्रेट चुकूनही आणू नका. धुतले तरी वास जात नाही, आणि ओल्या चपलांबरोबर तो घरी जातो.

मांडवकरी

वा! हे मला सुचलं नसतं. आमच्याकडे मी फळ्यांची रॅकं लावतो, त्यापेक्षा हे बरं.

मग मांडणी अशी करता येईल. आंब्याचा नेहमीचा मोठा क्रेट आडवा पाडला की तोंड साधारण पावणेदोन फूट रुंद, सव्वा फूट उंच होतं आणि खोली फूटभर. एकावर एक चारच ठेवा, पाचवा नको. चौथ्या क्रेटचा तळ छातीपर्यंत येतो, मुलींचाही हात पोचतो आणि रांग डगमगत नाही. शेजारचे क्रेट सुतळीने एकमेकांना बांधा आणि मागून भिंतीला टेकवा. चार उंच आणि वीस ओळी म्हणजे ऐंशी क्रेट, लांबी पस्तीस फूट. तुमच्या चाळीस फुटी पडवीत भिंतीलगत बसतात.

प्रत्येक क्रेटमध्ये मधोमध पुठ्ठा उभा घाला, डावा नंबर आणि उजवा नंबर. ऐंशी दुणे एकशे साठ, तुमची टोकनं बरोबर जमली. पुठ्ठा विसरू नका. तो नसला की शेजारच्या दोन घरांच्या चपला एकमेकांत जातात, आणि सगळ्यांच्याच निळ्या पट्ट्याच्या रबरी असतात.

आता ही पस्तीस फुटांची रांग चार भागांत तोडा. प्रत्येक भागात पाच ओळी, वीस क्रेट, चाळीस नंबर, आणि त्याच्यासमोर त्याचं टेबल. क, ख, ग, घ अशी अक्षरं द्या आणि प्रत्येक भागात नंबर १ ते ४०. म्हणजे पोराला इकडून तिकडे धावावं लागत नाही, दोन पावलांत हात पोचतो. अक्षराबरोबर रंगही द्या, पण नुसत्या रंगावर राहू नका. वीज गेली की बॅटरीच्या उजेडात हिरवा आणि निळा सारखाच दिसतो.

मात्र येताना क भरला की ख असं करू नका, चारही टेबलं पहिल्यापासून चालू ठेवा. नाहीतर लवकर आलेले सगळे लवकर निघतात आणि एकट्या क वर रांग लागते.

सुरंगी

मला वेगळंच सांगायचं आहे. आमच्याकडे टोकन लावलं तेव्हा माणसं लाजत होती. टेबलावर आमचे एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांच्या हातात पायातलं द्यायचं म्हणजे काय, म्हणून निम्मे लोक चपला पायरीवरच टाकून आत गेले. एक काका तर म्हणाले, "मास्तरांच्या हातात चपला देऊ? पाप लागंल मला."

यावर उपाय केला तो असा. प्रत्येक कुटुंबाला कापडी पिशवी हातात द्यायची, चपला त्यांनीच काढून, त्यांनीच पिशवीत घालायच्या. स्वयंसेवक घेतो ती पिशवी. एवढ्याने संकोच गेला. शिवाय जोड्या फुटत नाहीत, आणि आणताना एक हात पुरतो. जुन्या चादरी, पडदे कापून बचत गटाच्या बायकांनी पिशव्या शिवल्या होत्या. प्लास्टिकच्या पातळ पिशव्या आणू नका, राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि ओल्या चपला त्यात कुबट होतात ते वेगळंच.

आणि एक विनंती. चपलांच्या टेबलावर कोण बसणार हे ठरवताना सगळ्या वाड्यांतली मुलं घ्या. "हे काम अमक्या वाडीचं" असं होऊ देऊ नका. गुरुद्वाऱ्यात जोडाघरात मोठमोठी माणसं सेवेला बसतात, कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे मंडळाच्या अध्यक्षांनी पहिला अर्धा तास स्वतः टेबलावर बसावं. मग बाकीचं आपोआप होतं.

खाडीकाठ

सुरंगीताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या यादीत नेमकी एकाच वाडीची पोरं होती, कोणाच्या मनात काही नव्हतं, पण दिसलं तसंच असतं. यादी आजच बदलतो. अध्यक्षांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले.

गजाली_मालवणी

सगळा बराबर हा, पण छत्र्यांचा काय करतलास ता आधी सांगा. श्रावणात चारशे माणसा म्हंजे दीडशे छत्रे, सगळे काळे. चपला वळाकतत, छत्री कोण वळाकता? आमच्या गावात एकदा बादलेत ठेवल्यानी, आणि शेवटी जेका जी गावली ती घेवन गेलो.

मांडवकरी

छत्री क्रेटमध्ये ठेवायची नाही, खालच्या कप्प्यात पाणी गळतं. माझी पद्धत सांगतो.

टोकन एकच करतो, दोन भागांचं नाही. ते रिकाम्या कप्प्यावर खिळ्याला किंवा जाळीला टांगलेलं असतं. पिशवी आत गेली की टोकन काढून पाहुण्याला दिलं. चपला परत दिल्या की टोकन पुन्हा तिथेच टांगलं. त्यामुळे लांबून नजर टाकली तरी कळतं, टोकन टांगलेलं म्हणजे जागा रिकामी, टोकन नाही म्हणजे आत कोणाचं तरी आहे. वही लिहावी लागत नाही.

त्या टोकनशेजारीच त्याच नंबरची दुसरी छोटी चकती रबरबँडला लावून टांगायची. छत्री असेल तर ती रबरबँड छत्रीच्या मुठीत अडकवायची आणि छत्री टेबलाच्या बाजूच्या बादलीत उभी करायची. प्रत्येक टेबलाची बादली वेगळी, म्हणजे एका बादलीत तीस-चाळीसच छत्र्या. जाताना पोराला खिळ्यावर चकती दिसली नाही की कळतं, यांची छत्रीही आहे. पाहुण्याला आठवण करायची गरज नाही, आणि पाऊस उघडला तरी छत्री विसरून जात नाही.

चकत्या कागदाच्या नकोत, तासाभरात लगदा होतो. श्रीखंडाच्या किंवा आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं कापून त्यावर पक्क्या शाईच्या मार्करने लिहा. नंबर लिहिताना एक काळजी घ्या. हाताने लिहिलेले १ आणि ९ घाईत सारखे दिसतात, आणि इंग्रजी आकडे लिहिले तर ६ उलटा धरला की ९ होतो. आकड्याखाली जाड रेघ मारा आणि भोक कायम वरच्या बाजूला पाडा.

अबोली

मी नर्स आहे, दोन गोष्टी राहिल्या आहेत त्या लिहिते.

पहिली शौचालयाची. साडेचार तासांचा कार्यक्रम आहे. माणसं मध्ये उठणार, आणि अनवाणी शौचालयात कोणी जाणार नाही. मग टोकन घेऊन पडवीत येणार, चपला घेणार, परत येऊन ठेवणार. पन्नास जणांनी असं केलं तरी तुमचं टेबल दुपारभर चालूच राहील आणि नंबर फिरतील. डाव्या दाराबाहेर वीसेक जोड रबरी स्लिपर ठेवा, लहान-मोठ्या मापाच्या, सगळ्या एकाच ठळक रंगाच्या. म्हणजे कोणी चुकून घालून गेलं तरी ओळखू येईल. दाराशी पायपुसणी दोन ठेवा, एक भिजली की दुसरी. आणि तेच दार अडचणीच्या वेळी बाहेर पडायचं दार आहे, तिथे बॅगा किंवा क्रेट रचू नका.

दुसरी मधुमेहाच्या रुग्णांची. ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना अनवाणी फिरू नका असं डॉक्टर सांगतात. खडा, टाचणी टोचली तरी त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. अशांना आग्रह करू नका. स्वच्छ कोरडी चप्पल घालून कडेच्या खुर्चीपर्यंत जाऊ द्या. आधीच निमंत्रणात एक ओळ लिहा, म्हणजे दारात वाद होत नाही.

चपला काढायच्या जागी चार बाकडी टाका. गुडघे दुखणारी माणसं एका पायावर उभी राहून बक्कल सोडू शकत नाहीत. गुळगुळीत लादी असेल तर पडवीपासून दारापर्यंत तरट किंवा काथ्याची चटई अंथरा. तुमच्या त्या आजी घसरल्या तशा दुसऱ्या कोणी घसरायला नकोत.

तंत्रस्नेही

हे सगळं फोनवर करता येईल. प्रत्येक कप्प्यावर क्यूआर कोड लावा, पाहुण्याने स्कॅन करायचा, नोंद झाली. जाताना फोन दाखवायचा. टोकन हरवायचा प्रश्नच नाही.

जांभा

दादा, आमच्या सड्यावर पावसात नेटवर्क येतं-जातं. वीज गेली की टॉवरही थोड्या वेळाने बसतो. आणि निम्म्या आज्यांकडे बटणांचा फोन आहे.

मांडवकरी

क्यूआर नको, पण फोनचा एक उपयोग आहे. टोकन हातात आल्यावर त्याचा फोटो काढून ठेवा असं पाहुण्यांना सांगायचं. टोकन हरवलं तरी नंबर कळतो.

चाकरमानी_डोंबिवली

म्हणजे फोटो दाखवला की चपला द्यायच्या? मग एकाने टोकन दाखवून नेल्या आणि दुसऱ्याने फोटो दाखवला तर?

मांडवकरी

फोटोवर लगेच द्यायच्या नाहीत. पिशवीत काय आहे ते विचारायचं, किती जोड, कुठला रंग. जुळलं तर द्यायचं. नंबरही आठवत नसेल तर बाजूच्या बाकावर बसवायचं, गर्दी ओसरेपर्यंत. शेवटी ज्या कप्प्यांवर टोकन टांगलेलं नाही ते पाच-सहाच उरतात, त्यांत त्यांचं सापडतंच. हरवलेल्या टोकनसाठी दंड वगैरे माझ्या मते नको, पण काही मंडळी वीस-तीस रुपये घेतात.

सुरंगी

दंड अजिबात नको. पाहुण्याला बोलावून त्याच्याकडून पैसे घ्यायचे?

चाकरमानी_डोंबिवली

दंड नसेल तर टोकन लोक खिशात घालून घरी नेतात. आमचा अनुभव आहे. दंड घेऊ नका, पण फलक तरी लावा.

खाडीकाठ

यावर मंडळात चर्चा करू. बॅगांचं कसं करावं ते कोणी सांगेल का?

मांडवकरी

बॅगा चपलांत मिसळू नका. वेगळी खोली, वेगळ्या रंगाची टोकनं, आणि तिथे पोरं न बसवता दोन जाणती माणसं बसवा, त्यांतलं एक माणूस कायम खोलीत. इथे मात्र दोन भागांचं टोकन हवं, एक बॅगेच्या मुठीला बांधायचं, कारण बॅगा लहान-मोठ्या असतात आणि प्रत्येकीला ठरलेला कप्पा देता येत नाही. वहीत नंबर, नग किती आणि मोबाइल नंबर लिहा. पैसे, दागिने आणि औषधं बॅगेतून काढून जवळ ठेवायला सांगा, आणि ते पाहुण्यासमोर तोंडाने सांगा. हेल्मेटंही याच खोलीत, पट्ट्याला टोकन बांधून भिंतीकडेला जमिनीवर. हेल्मेट टेबलावर रचलं की गडगडतं.

आणि एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. प्रसाद कुठे आहे, सभागृहातच की बाहेर मांडवात?

खाडीकाठ

बाहेर. सभागृहाच्या मागे मांडव घालणार आहोत, शंभरची पंगत बसेल. मध्ये तीस-पस्तीस फूट अंगण आहे.

मांडवकरी

मग तुमचा अर्धा कार्यक्रम त्या तीस-पस्तीस फुटांवर अवलंबून आहे. अंगणात चिखल असला तर चारशे माणसं आधी चपला मागणार, मांडवाच्या दारात काढणार, आणि तिथे टोकन नाही. म्हणजे गेल्या वर्षीचा ढीग फक्त जागा बदलून परत. सभागृहाच्या मागच्या दारापासून मांडवापर्यंत वर ताडपत्री आणि खाली फळ्या टाकून जाजम अंथरा. अनवाणी जेवायला जाता आलं पाहिजे. फळ्या जमिनीपासून थोड्या उचलून, नाहीतर खालून पाणी चढतं.

तसं केलंत तर जेवणच तुमची गर्दी वाटून देतं. शंभर-शंभरच्या पंगती उठतील तसतशी माणसं चपलांकडे येतील. चारशे एकदम येण्याऐवजी दर अर्ध्या तासाला शंभर.

खाडीकाठ

मंडळी, कार्यक्रम पार पडला. काय झालं ते लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

ऐंशी क्रेट जांभांच्या सांगण्याप्रमाणे वाडीतूनच मिळाले. आदल्या दिवशी धुऊन, आडवे रचून, सुतळीने बांधून झाले. आपली ती पडवी बघून मुंबईचे पाहुणे फोटो काढत होते. पिशव्या शिवायला वेळ थोडा मिळाला, शंभरच झाल्या. उरलेल्यांना सुतळीने जोडी बांधून ठेवली, तेही चाललं, पण संकोच पिशवीवाल्या टेबलांवर खरंच कमी होता. अध्यक्ष अर्धा तास बसणार होते, ते सव्वा तास बसले.

ताडपत्रीची वाट केली म्हणून वाचलो. भजन सुटायच्या सुमारास असा पाऊस ओतला की समोरचं काही दिसत नव्हतं, आणि वीजही गेली. माणसं कोरड्या वाटेने मांडवात गेली. पहिली पंगत उठली तेव्हा पडवीत चारही टेबलांवर बॅटरी टांगलेल्या होत्या. एका पंगतीचे लोक चार-पाच मिनिटांत मोकळे होत होते. रांग अशी लागलीच नाही.

गडबड झाली ती अशी. ग टेबलावर एका पोराने मोठ्या कुटुंबाच्या सात जोड्या एका कप्प्यात मावत नाहीत म्हणून शेजारच्या नंबरमध्ये सरकवल्या आणि त्या नंबरचं टोकन तसंच टांगलेलं ठेवलं. पुढच्या पाहुण्याला तेच टोकन गेलं. शेवटी दोन घरं एकमेकांच्या चपला बघत बसली. मोठ्या कुटुंबाला अख्खा क्रेट आणि दोन्ही टोकन द्यायची, हे आधी सांगायला हवं होतं त्या पोराला.

छत्र्यांच्या रबरबँड चांगल्या चालल्या. घडीच्या छत्रीच्या बारीक मुठीवरून मात्र काही निसटल्या, बादलीच्या तळाशी चकत्या मिळाल्या. तिथे गाठ मारावी लागेल.

शौचालयाच्या लाल स्लिपर वीस जोड ठेवल्या होत्या, सकाळी सतरा जोड मिळाल्या. टोकनं अकरा परत आली नाहीत, म्हणजे लोकांनी चपला टोकन दाखवून नेल्या आणि गडबडीत टोकन खिशातच राहिलं. दंड घेतला नव्हता.

चाकरमानी_डोंबिवली

अकरा! म्हणून म्हणत होतो. पिशवी देण्याआधी टोकन हातात घ्यायचं आणि खिळ्याला टांगायचं, मगच पिशवी पुढे करायची. हा क्रम पाळला तर दंड लागत नाही.

सुरंगी

झाकणाच्या चकत्या आहेत, अकरा गेल्या तर अकरा कापू. पण क्रम बरोबर आहे तुमचा.

गजाली_मालवणी

छत्र्यो सगळ्यो बराबर गेलो काय? ता सांगा.

खाडीकाठ

एक उरली आहे. काळी, लाकडी मुठीची, ख टेबलाच्या बादलीत होती. मंडळाच्या खोलीत ठेवली आहे, ज्यांची असेल त्यांनी न्यावी.

रातांबा

आमच्याकडे मे महिन्यात देवळाचा वर्धापन दिन असतो, सहाशे माणसं. हेच करायचं म्हणतोय. क्रेट मिळतील ना?

जांभा

मे महिन्यात क्रेट मागू नका हो, तेव्हा एकेक क्रेट बागेत आणि गाडीवर लागलेला असतो. त्या दिवसांत तुम्हाला मांडवकरींच्या फळ्यांची रॅकंच धरावी लागतील. पाऊस नसतो, त्यामुळे जाळी नसली तरी चालतं.

मांडवकरी

सहाशेला टोकनं अडीचशे लागतील आणि टेबलं सहा. सहा टेबलं एका रांगेत बसत नसतील तर देवळाच्या दोन बाजूंना तीन-तीन करा, आणि कुठली अक्षरं कुठल्या बाजूला ते टोकनवरच लिहा. अंगणाचं माप टाका, मग सांगतो.